जोडापासून चार मिलिमीटरवर

नाशिक, अंबड एमआयडीसी. शेडमध्ये एक टाकी आडवी करून ठेवली आहे. बारा मिलिमीटर जाडीची ३०४ स्टेनलेस प्लेट. आत गरम नायट्रिक ॲसिड असायचं. दीड वर्षात टाकी गळू लागली आणि सगळ्यांनी बोट दाखवलं वेल्डरकडे.

आत बॅटरी मारून बघा. वेल्ड शाबूत आहे. झीज झाली आहे ती त्याच्या दोन्ही अंगांना, तीन-चार मिलिमीटरवर, जोडाला समांतर पट्ट्यात. तिथं टोकदार हत्याराने खरवडलं, की धातूचे दाणे साखरेसारखे सुटतात.

या पोलादात साधारण १८ टक्के क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडचा पातळ थर पोलादाला गंजापासून राखतो. पण ४२५ ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान धातू रेंगाळला, की कार्बन दाण्यांच्या सीमांवर जमतो आणि क्रोमियमला धरून कार्बाइड बनवतो: Cr23C6. एक ग्रॅम कार्बन सोळा-सतरा ग्रॅम क्रोमियम अडकवतो! कार्बन चपळ, क्रोमियम संथ. दाण्याच्या आतून भरपाई वेळेत येत नाही. सीमेलगत क्रोमियम १२ टक्क्यांखाली उतरतं आणि ॲसिड नेमकं तिथून शिरतं. दाणा तसाच राहतो, त्याला धरून ठेवणारी कड जाते.

वेल्डला अगदी चिकटून प्लेट इतकी तापते, की कार्बाइड टिकतच नाही. थोडं दूर मात्र धातू त्या घातक तापमानात राहतो. जाड प्लेटला वेल्डचे अनेक थर, म्हणजे पास, द्यावे लागतात आणि प्रत्येक पासनं ती वेळ वाढते. पातळ पत्रा चटकन निवतो, म्हणून त्यात हा त्रास क्वचितच दिसतो.

वेल्डरचा दोष नव्हता. प्लेटच्या जुन्या सर्टिफिकेटवर कार्बन होता ०.०६५ टक्के. ३०४ च्या हिशेबात बसणारा, पण या कामाला जास्त.

१०५० अंशांवर तापवून पाण्यात झटकन थंड केलं, तर कार्बाइड पुन्हा विरघळतात. पण एवढी टाकी भट्टीत घालणार कशी? ती वेडीवाकडी होईल. टायटॅनियम घातलेलं ३२१ हाही एक मार्ग आहे: तिथं कार्बनला टायटॅनियम धरतं, क्रोमियम मोकळं राहतं. इथं निवड झाली ३०४एल प्लेटची, कार्बन जास्तीत जास्त ०.०३ टक्के, आणि जोडात वितळवून भरायच्या ३०८एल फिलरची. कार्बन एवढा कमी, की वेल्डिंगच्या वेळात कार्बाइडची साखळी जुळत नाही. मात्र महिनोन्‌महिने ५५०-६०० अंशांवर चालणाऱ्या कामात एल ग्रेडही सेन्सिटाइज होतं, म्हणजे त्याच्याही दाण्यांच्या सीमांवर कार्बाइड जमतं.

चुंबकानं ३०४ आणि ३०४एल वेगळे ओळखता येत नाहीत. हातातली एक्स-रे गनही कार्बन वाचत नाही. त्यासाठी स्पार्क स्पेक्ट्रोमीटर वापरला. नव्या प्लेटचा आकडा आला ०.०२१.

शेवटी नव्या प्लेटचा वेल्ड केलेला एक तुकडा पॉलिश करून १० टक्के ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये बुडवला, दर चौरस सेंटिमीटरला एक ॲम्पिअर करंट, दीड मिनिट. जुन्या प्लेटच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक दाण्याभोवती काळा खंदक दिसला होता. नव्यात दाण्यादाण्यांमध्ये नुसत्या पायऱ्या दिसतात, खंदक कुठेच नाही.