आधी फरशी मोजा, मग मोर काढा

(दिवाळीनिमित्त सोलापुरातल्या एका महिला मंडळात निवृत्त चित्रकला शिक्षिकेने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षबाई आणि मैत्रिणींनो, तुम्ही मला चाळीस मिनिटं दिली होती. त्यातली बरीचशी सत्कारात आणि माइकच्या किंचाळण्यात गेली, म्हणून मी थेट मुद्द्यावर येते. निदान येण्याचा प्रयत्न करते, कारण माझे जुने विद्यार्थी सांगतील, बाई थेट कुठेच येत नाहीत.

विषय आहे, दाराच्या फोटोवरून रांगोळी आणि तोरण कसं निवडायचं. आता हे शिकवायला का लागतं? आपल्या आज्यांनी कुठे फोटो काढले होते? नाहीच. पण त्यांच्या पुढ्यात ओटा होता, अंगण होतं, खाली शहाबादी फरशी किंवा सारवलेली जमीन होती. सकाळी सडा घातला की जागा किती हे झाडणाऱ्या हातालाच कळायचं. आपल्या पूर्व भागात तेलुगू घरांच्या दारात अजूनही रोज मुग्गू निघतो. तिथली बाई काही मोजत बसत नाही, चिमटीतून ठिपके पडतात ते उंबऱ्याच्या रुंदीत बरोबर बसतात. आपण मात्र मोबाइलवर एक चित्र बघतो, ते आवडतं, आणि मग ते दारात कोंबतो.

आणि चित्र तरी कुठलं? संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. त्यांच्या मार्गावर रस्ताभर रांगोळीच्या पायघड्या असतात. तिचे फोटो आपण जपून ठेवतो, आणि दिवाळीत तीच नक्षी जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये काढायला जातो. रस्ता केवढा, पॅसेज केवढा! हसू नका, तुमच्यातल्या निम्म्या जणींनी मला असले फोटो पाठवलेत.

तर भाचीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे. ती मागे बसलीय, ओळखायचा प्रयत्न करू नका. तिने मला नव्या फ्लॅटच्या दाराचा फोटो पाठवला आणि त्यावर बोटाने एक गोल मोर चिकटवून दिला. "मावशी, तीन फुटी मोर काढायचा ठरवलाय, कसा वाटतो?" फोटोत मोर फार देखणा होता. पण अगदी गोल होता, गाडीचं चाक दारासमोर उभं करून ठेवावं तसा.

इथेच बहुतेकजणी फसतात. रांगोळीची चित्रं वरून काढलेली असतात, म्हणून त्यात वर्तुळ गोल दिसतं. दाराचा फोटो मात्र आपण समोर उभं राहून काढतो, आणि त्यात जमीन तिरकी दिसते. फोटोतली चौकोनी फरशी बघा. तिची जवळची कड लांब, लांबची कड आखूड, आणि उंची चेपलेली. त्या फरशीवर वर्तुळ काढलं तर तेही चेपलेलंच दिसायला हवं. फोटोवर गोल मोर ठेवला की डोळा म्हणतो, बसतोय की! प्रत्यक्षात तोच मोर पलीकडच्या भिंतीपर्यंत जातो. आणि मोबाइल जवळ धरून फोटो काढला तर पुढची जमीन आणखी मोठी दिसते. अरुंद पॅसेजमध्ये मागे सरकायला जागा नसते, त्यामुळे हा घोळ फ्लॅटवाल्यांचाच जास्त होतो.

म्हणून मी भाचीला म्हटलं, मोर बाजूला ठेव, फरशा मोज. नव्या इमारतींत बहुधा दोन फुटी चौरस फरशी असते, पण एकदा टेप लावून बघायचंच. तिच्या पॅसेजमध्ये उंबऱ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत अडीच फरशा होत्या, म्हणजे पाच फूट. शेजाऱ्यांना ये-जा करायला निदान अडीच फूट मोकळे हवेत. म्हणजे रांगोळी उंबऱ्यापासून फार तर अडीच फूट पुढे येणार. दाराची चौकट साडेतीन फुटी. डावीकडे चपलांचं कपाट, उजवीकडे लगेच आडवी भिंत. आता एवढ्यात तीन फुटी मोर कुठे ठेवणार?

एक बाई म्हणतील, अर्धगोल काढा. मलाही आधी तेच सुचतं, आणि मोजमापात तो बसतोसुद्धा. साडेतीन फूट, म्हणजे बेचाळीस इंच रुंद अर्धगोल पुढे एकवीस इंचच येतो. पण मग आत जायचं कसं? भाचीच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांनी एकवीस इंच ओलांडून उंबऱ्यात पाय टाकायचा? आल्यागेल्या प्रत्येकाने लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लांब उडी मारायची?

(हशा)

हां, आणि अजून दार बाकी आहे. सेफ्टी डोअर. आतलं लाकडी दार आत उघडतं, हे जाळीचं बाहेर उघडतं. तुम्ही बाहेर अंगण समजून रांगोळी काढता ते त्या दाराचं फिरायचं रान असतं. भाचीच्या शेजारणीने एकदा आठ वाजेपर्यंत बसून कमळ काढलं, आणि साडेआठला दूधवाल्याला दार उघडलं. दाराच्या टप्प्याबाहेरचं अर्धं कमळ तेवढं राहिलं. आतलं अर्धं दाराने वळवून भिंतीकडे नेलं. शिवाय पणती! ती तर आडवीच झाली. ही शेजारीण बिल्डरवर अजून रागावून आहे, आणि मला वाटतं तिचा राग योग्यच आहे. दार बसवणाऱ्याने निदान सांगायला हवं होतं.

मग आपण काय करायचं? जाळीच्या दाराखाली बोट सरकवून बघायचं. बोट आरामात गेलं, तर नुसती भुकटीची रांगोळी दाराखालून सुटते, कारण चिमटीची रेघ फारच कमी उंच असते. बोट अडलं, तर दार फिरतं तेवढी जागा सोडून द्यायची. पण बोट गेलं तरी फुलं, पणती, तांदळाचे ढीग तिथे चालत नाहीत. आणि दार जोरात उघडलं तर वाऱ्याने बारीक रेघ उडते, म्हणून तिथे रेघांची नक्षी नको, भरीव रंग ठेवायचा.

भाचीच्या दाराखाली बोट जात होतं. बिजागरी उजवीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात. माणूस डावीकडून, कडीच्या बाजूने आत शिरतो. म्हणून तिच्यासाठी निवडला पाव गोल. उजव्या कोपऱ्यात टोक, एकवीस इंच त्रिज्या. बेचाळीसातले एकवीस रांगोळीला, एकवीस पायांना. सासूबाई सरळ आत येतात, दार त्यावरून फिरून भिंतीला टेकतं, आणि फोटोत दिसायला तर इतकं छान दिसलं की कोपरा मुद्दाम तसाच बांधलाय असं वाटावं. मोराचं काय? मोराचा पिसारा पाव गोलात फुलवला, मोर कोपऱ्यात उभा केला. हट्टही राहिला. चपलांचं कपाट मात्र वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत बाल्कनीत गेलं, आणि त्या जागी पणत्या आल्या. त्यावर जावईबापूंनी "चप्पल काढून ठेवायची कुठे?" असं विचारलं. त्यांना अजून उत्तर मिळालेलं नाही.

किती वेळ राहिला? सात मिनिटं? बरं, म्हणजे जे सांगायला बोलावलंत ते आता धावत.

ठिपके. नक्षी आवडली म्हणून ती लहान करायची नाही, कमी ठिपक्यांची नक्षी निवडायची. चिमटीची रेघ साधारण पाव इंच जाड पडते. ठिपक्यांत दोन इंच अंतर असलं तर मधलं वळण नीट वाचता येतं. दीड इंचाच्या आत आलात की रेघा एकमेकींना चिकटतात आणि सगळं पिठाचं दिसतं. तेरा ठिपक्यांची नक्षी दोन इंच अंतरावर चोवीस इंच जागा घेते, कारण तेरा ठिपक्यांत अंतरं बारा. हे लक्षात ठेवा, एक अंतर जास्त धरून सगळ्याजणी चुकतात. जागा फूटभर असेल तर सात ठिपक्यांची नक्षी घ्या, आणि ती नीट काढा.

रंग. फोटो मोबाइलवर काळापांढरा करून बघा. दोन बोटं लागतात. त्यात फरशी आणि तुमचा रंग सारखाच राखाडी दिसला, तर दुपारी कुणाला काही दिसणार नाही. शहाबादीवर नुसती पांढरी रांगोळी उठून दिसते, कडप्प्यावर तर फारच. पण फ्लॅटमधली क्रीम, चकचकीत फरशी पांढरी रेघ गिळते. तिथे गडद रंगाचा तळ आधी चाळणीने पसरायचा, किरमिजी किंवा गर्द निळा, आणि त्यावर पांढरी रेघ. चकचकीत फरशी ओली असली तर रांगोळी चिकटून डाग पडतो, म्हणून कोरड्या फडक्याने पुसून मगच. गेरू लावायचा हट्ट असेल तर तो सोडा, सांध्यात शिरतो आणि मग सोसायटीचा सेक्रेटरी चिठ्ठी लावतो. लावतो म्हणजे लावतोच.

तोरण. इथे फोटो आपल्या बाजूचा आहे, कारण तोरण आणि चौकट एकाच सपाटीत असतात, म्हणून त्यांची तुलना फोटोत खरी निघते. जमिनीवरच्या मापासाठी चौकट वापरू नका, आणि तोरणासाठी फरशी वापरू नका. चौकट बेचाळीस इंच असेल आणि आंब्याचं पान दोन इंच रुंद धरलं, तर एकवीस पानं सलग लागतात, फुलं मधे घातली तर कमी. आता दाराची उंची बघा. मोकळी उंची पावणेसात फूट असेल आणि पान सात इंच खाली लोंबलं, तर सहा फूट दोन इंच उरतात. घरात सव्वासहा फुटी जावई असेल तर रोज आंब्याचं पान कपाळाला लागेल. म्हणून कमी उंचीच्या चौकटीला आखूड, पट्टीसारखं तोरण घ्यायचं.

आणि तेच सेफ्टी डोअर पुन्हा. तोरण बाहेरच्या भिंतीला लावलंत तर बाहेर उघडणारं दार ते घेऊन जातं. आतलं दार आत जातं, बाहेरचं बाहेर, त्यामुळे दोघांच्या मधली चौकटीची तीन-चार इंचांची पट्टी कुणाच्याच वाटेत येत नाही. तोरण तिथे टांगा. जाळीतून दिसतंच.

एक चिठ्ठी आलीय, "बाई, फोटो कसा काढायचा ते सांगितलंच नाही." खरंय. दाराच्या बरोबर मधोमध, समोरच्या भिंतीला पाठ लावून, छातीच्या उंचीवर मोबाइल सरळ धरा. उंबरा आणि निदान दोन फरशा फोटोत आल्या पाहिजेत. एक फोटो दार बंद असताना, एक जाळीचं दार पूर्ण उघडून. दुसरा नसेल तर मला पाठवू नका, मी उत्तर देणार नाही. आणि चौकटीला टेप किंवा पट्टी टेकवून काढला तर दुकानात तोरण घ्यायला जाताना पुन्हा घरी फोन करावा लागत नाही. चहा आलाय असं अध्यक्षबाई खुणावतायत. दुसरी चिठ्ठी चहानंतर वाचते, त्यात संगमरवराच्या पायऱ्यांचं विचारलंय आणि त्याला वेळ लागेल.