समासात लिहिलेला आकडा

आज माझ्यासमोर बसलेले बहुतेक जण पियानो किंवा व्हायोलिन शिकवतात आणि वर्षातून एकदा थिअरीचे निबंध तपासतात, म्हणून मी एका मुलीचा एकच निबंध घेऊन बोलणार आहे. विषय होता बीथोव्हनचा पहिला पियानो सोनाटा, एफ मायनरमधला, ओपस 2 क्रमांक 1, त्याचा पहिला भाग. 1796 मध्ये छापलेला, हायडनला अर्पण केलेला. विद्यार्थ्यांनी हार्मनी आणि फॉर्म या दोन्हींवर उदाहरणांसह लिहायचं होतं. गुण 25.

तपासायला बसलो की डावीकडे स्कोअर, उजवीकडे निबंध, हातात पेन्सिल. निबंधात बारचा आकडा आला की तो बार उघडून बघायचा, मगच पुढची ओळ. वेळ लागतो, पण दुसरा रस्ता नाही. या मुलीच्या निबंधात सगळे आकडे एकाने पुढे होते. आठव्या बारमधला थांबा तिने नवव्यात दाखवला होता. सुरुवातीचा सुटा स्वर, तो अर्धामुर्धा बार, तिने पहिला म्हणून मोजला होता. अशा वेळी एकदाच अर्धा गुण कापा, समासात कारण लिहा आणि पुढे तिचे आकडे मनात एकाने मागे घेऊन वाचा. प्रत्येक आकड्याला कापत गेलात तर एकाच चुकीसाठी मुलाला दहादा शिक्षा होते.

आता आतला मजकूर. पहिल्या आठ बारांबद्दल तिने लिहिलं, 'ही चार अधिक चार बारांची प्रश्नोत्तरासारखी रचना आहे.' नाव ओळखीचं असतं म्हणून मुलं ते चिकटवतात. पण चौथ्या बारला केडन्स आहे का? नाही. तिथे डॉमिनंट कॉर्ड चालूच आहे, वाक्य संपलेलं नाही. दोन बारांची कल्पना आधी टॉनिकवर येते, मग तीच डॉमिनंटवर, आणि मग तिचे तुकडे पडतात. कॉर्ड आधी दोन-दोन बार टिकतो, पाचव्यापासून बाराबाराला बदलतो, सातव्यात त्याहून लवकर. वरचा स्वर बघा: दुसऱ्या बारात ए फ्लॅट, चौथ्यात बी फ्लॅट, सातव्यात सी. म्हणजे दोन, दोन आणि चार. इथे तिचं लेबल चुकलं, गुण गेले. पण पुढच्याच ओळीत तिने 'सहाव्या बारपासून घाई होते, कॉर्ड भराभर बदलतात' असं लिहिलं होतं. ते मात्र तिने कानाने ऐकलेलं होतं. त्याचे दोन गुण मी दिले. लेबल चुकलं तरी निरीक्षण खरं असू शकतं, आणि उलटंही होतं. पूर्वी मी नीटनेटक्या रोमन आकड्यांना भुलून भरघोस गुण देत असे. ओळीने कॉर्ड लिहिलेले असायचे, पण त्यातून काय कळलं हे कुठेच नाही.

खरी परीक्षा विसाव्या बारला. वर्गातली निम्मी मुलं लिहितात, 'दुसरा विषय ए फ्लॅट मेजरमध्ये येतो, तो शांत आणि विरोधी आहे.' नोट्सवरून पाठ केलेलं. स्कोअर काय सांगतो? डाव्या हातात ई फ्लॅट सलग धरून ठेवलाय, म्हणजे डॉमिनंट. ए फ्लॅटचा टॉनिक खाली नाहीच. वर सुरावटीत एफ फ्लॅट येतो, जो ए फ्लॅट मेजरचा नाही, मायनरचा आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर गायक पंचमावरच रेंगाळतोय, षड्जावर यायचं नावच नाही, आणि मध्ये एक परका कोमल स्वर लावतोय. पहिल्या विषयाची चढण इथे उतरण झाली आहे, हेही खरं. ए फ्लॅटचा पक्का केडन्स थेट 41 व्या बारला.

मुलीने लिहिलं होतं: 'बार 21 मध्ये एफ फ्लॅट असल्यामुळे हा विषय स्थिर वाटत नाही.' आकडा एकाने पुढे, एवढंच. दावा, पुरावा आणि 'असल्यामुळे', तिन्ही एका वाक्यात. या एका वाक्याला मी चार गुण दिले, कारण त्याच्यापुढे 'वादळी, उत्कट' वगैरे पहिला परिच्छेद शून्य गुणांचा होता. बारचा आकडा नसलेल्या विशेषणाला कसलाही गुण नको. एखादा विद्यार्थी म्हणाला की टॉनिक पक्का झाल्याशिवाय दुसरा विषय मानू नये, तर मॉडेल उत्तरात नाही म्हणून कापू नका. डॉमिनंटचा आधार दाखवला असेल तर ते म्हणणं टिकतं.

शेवटी 25 पैकी 17 झाले. पुनरागमनात हाच विषय एफ मायनरमध्ये परत येतो तेव्हा एफ फ्लॅटच्या जागी डी फ्लॅट दिसतो, आणि तो तर एफ मायनरचा स्वतःचाच स्वर. हे तिला दिसलं नाही. समासात मी एवढंच लिहिलं: '119 नंतर पुन्हा बघ, परका स्वर आता परका राहिलाय का?'