एकाच तोंडातलं ‘केलं’ आणि ‘केले’

माणूस प्रसंग पाहून बोलतो हे आपल्याला माहीत असतं. त्यातली एकच गोष्ट आज जवळून पाहू या. तोच माणूस ‘केलं’ सोडून ‘केले’ कधी म्हणू लागतो आणि का?

एक नमुना घेऊ. एक बाई मैत्रिणीला सांगतात, “अगं, त्यांना कालच सांगितलंय मी, पत्रपण पाठवलंय.” बैठकीत त्याच म्हणतात, “त्यांना कालच सांगितलं आहे, पत्रही पाठवलं आहे.” आणि अहवाल वाचताना तेच असं होतं: “त्यांना काल कळविण्यात आले असून पत्रही पाठविण्यात आले आहे.” पहिल्या पायरीवर ‘सांगितलंय’ सुटून ‘सांगितलं आहे’ झालं, ‘पण’चा ‘ही’ झाला आणि ‘मी’ गळाला, तरी ‘अं’ कायम राहिला. दुसऱ्या पायरीवर ‘ए’ आला, क्रियापद बदललं आणि सांगणारी व्यक्ती वाक्यरचनेतूनच निघून गेली. म्हणजे औपचारिकतेच्या खुणा एकदम येत नाहीत. काही लवकर येतात, काही अगदी शेवटी, आणि कुठली आधी येते हेच खरं पाहण्यासारखं आहे.

हे मोजायला बसलं की पहिली अडचण लगेच समोर येते. ऐकलेला प्रत्येक ‘ए’ मोजून चालत नाही. ‘पाहुणे आले’ यातलं ‘आले’ पुल्लिंगी अनेकवचन आहे. प्रमाण मराठी बोलणारा घरी काय आणि सभेत काय, तिथे ‘आले’च म्हणतो. ‘पत्र आले’ यात मात्र नपुंसकलिंगी एकवचन आहे, तिथे ‘आलं’ही चालतं. जिथे दोन्ही रूपं शक्य आहेत तीच जागा मोजायची. ‘माझं–माझे’, ‘घरं–घरे’ या जोड्या त्यात येतात. ‘त्यानं–त्याने’ ही जोडी मात्र वेगळी ठेवावी, कारण पुष्कळांच्या घरगुती बोलण्यातही ‘त्याने’च असतं. सगळं एकत्र मोजलं, की साध्या गप्पांचं बोलणंही आकड्यांत फार औपचारिक दिसू लागतं.

आता कारणाकडे येऊ. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांचा न्यू यॉर्कच्या इंग्रजीवरचा अभ्यास 1966 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी एकाच माणसाकडून गप्पा, मुलाखतीतली उत्तरं, उताऱ्याचं वाचन आणि सुट्या शब्दांची यादी असं सगळं ध्वनिमुद्रित केलं. शब्दाच्या शेवटचा ‘र’ गप्पांत गळायचा आणि यादी वाचताना उच्चारला जायचा. त्यांचं स्पष्टीकरण असं की, आपल्या बोलण्याकडे जितकं लक्ष तितका प्रतिष्ठित उच्चार अधिक. कनिष्ठ मध्यमवर्गातले लोक तर यादी वाचताना आपल्या वरच्या वर्गापेक्षाही जास्त ‘र’ उच्चारत. आपल्याकडे ज्यांच्या बोलीत ‘ण’ नाही, असा माणूस व्यासपीठावर कधी ‘अभिमाण’ म्हणून जातो, त्यामागे हाच ताण असतो. त्याला हसणं मला अन्यायाचं वाटतं. नियम कुठे लागू होतो हे तो कसोशीने शोधत असतो.

पण सगळं लक्षावरच अवलंबून असतं का? न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ ॲलन बेल यांनी रेडिओवरच्या बातम्या तपासल्या. दोन केंद्रं एकाच इमारतीत होती आणि तेच निवेदक दोन्हीकडे वाचत. दोन स्वरांमधला ‘ट’ राष्ट्रीय केंद्रावर ते स्वच्छ उच्चारत, तर स्थानिक केंद्रावर पुष्कळदा ‘ड’कडे झुकवत. वाचणारा तोच, काम तेच, वाचनाची काळजीही तीच. बदलला होता तो श्रोता. त्यावरून 1984 मध्ये बेल यांनी मांडलं की, माणूस आपली शैली मुख्यतः ऐकणाऱ्याला बेतून घडवतो. मला हे म्हणणं जास्त पटतं.

मराठीत मात्र तिसरा एक घटक मधे येतो, तो म्हणजे लिपी. औपचारिक लेखनात ‘केले’ आणि पात्राच्या तोंडी ‘केलं’ अशी वाटणी लेखननियमांनीच केलेली आहे. त्यामुळे वाचताना ऐकू आलेला ‘ए’ काळजीमुळे आला की समोर छापलेला होता म्हणून, हे कळत नाही. लबॉव्ह यांची वाचनाची पायरी जशीच्या तशी उचलली, तर फसगत ठरलेली.

यावर उपाय सोपा आहे. तोच उतारा दोनदा छापायचा, एकात ‘केले’ आणि दुसऱ्यात ‘केलं’, आणि त्याच माणसाकडून काही दिवसांच्या अंतराने दोन्ही वाचून घ्यायचे. ‘केलं’ छापलेला उतारा त्याने सावकाश, स्वच्छ आणि ‘केलं’ म्हणतच वाचला, तर आधीचा ‘ए’ कागदातून आला होता. ‘केलं’ छापलेलं असूनही तो ‘केले’ म्हणाला, तर ‘ए’ त्याने स्वतः आणला. मग त्याला तीच हकिकत कागदाशिवाय सांगायला लावावी, एकदा मित्राला आणि एकदा अनोळखी लोकांच्या सभेत. सभेत तेवढा ‘केले’ आला आणि मित्रापाशी आला नाही, तर तो ऐकणाऱ्यांनी आणला असं म्हणायला आधार मिळतो.