जूनची यादी बापाची, पाऊच लेकराचा

आता बगा, आपल्याकडं शाळा उघडते जूनच्या मध्यात, आणि मिरग लागतो 7-8 जूनला. म्हणजे ज्या आठवड्यात लेकराला वह्या पाहिजेत त्याच आठवड्यात बापाला सोयाबीनचं बियाणं आन खताच्या बॅगा घ्यायच्यात. मी उदाहरण सेलू-जिंतूरकडच्या वह्या-पेनाच्या दुकानाचं धरतो, बसस्टँडजवळचं, अर्धं गिऱ्हाईक खेड्यातून येणारं. तिथं "शाळा सुरू, 10 टक्के सूट" असा बॅनर लावून काय होतं? बापाला एकूण किती लागतील ते कळत नाही आणि लेकराला तर टक्केवारीशी काही घेणंच नाही.

म्हणून आपली जाहिरात दोन भागात करा. बापाला सांगायचा आकडा, लेकराला द्यायची निवड, आणि ही निवड त्या आकड्याच्या आतच बसली पाहिजे, नाहीतर काउंटरवर भांडण लागतं.

समजा पाचवीचा संच आहे. 200 पानी डझनभर वह्या 480, कंपास 90, पेन-पेन्सिल-रबर-शार्पनर मिळून 60, कव्हरं आन लेबलं 50, पाऊच 100. झाले 780. (भाव हिशोबापुरते धरलेत, तुमचे तुम्ही टाका.) यावर 10 टक्के सोडले तर 78 रुपये गेले आणि घरी गेल्यावर कुणाच्या लक्षातबी राहत नाही. त्याऐवजी 780 चे 760 करा, आणि सोबत लेकराला एक टोकन द्या, त्या टोकनवर काउंटरच्या बाजूच्या ट्रेमधली एक वस्तू त्यानं स्वतः निवडायची, जिची एमआरपी 30 आणि तुम्हाला पडते 18 ला. गेले किती, 20 आन 18, अडतीस. वह्यांचा भाव गावात सगळ्यांना पाठ असतो, तिथं जास्त ताणू नका, कमाई कंपास-पाऊचमध्ये असते. आणि पाऊचचा रंगसुद्धा लेकरालाच निवडू द्या, पण सगळे रंग 100 वालेच मांडा, 250 वाला पाऊच त्याच रांगेत ठेवला की संपलं.

ट्रे लेकराच्या नजरेच्या उंचीवर पाहिजे. आपण सगळं वर लटकवतो आणि खाली फाईलींचे गठ्ठे! ट्रेमध्ये चारच प्रकार ठेवा, वीस ठेवले तर एकेक पोरगं दहा मिनिटं उभं राहतं आणि मागं रांग लागते.

व्हॉट्सअपचा मेसेज पालकांच्या फोनवर जातो, तर त्यात पालकाचंच बोला: "पाचवीचा पूर्ण संच 760 रुपये. शाळेनं दुसरी वही सांगितली तर कोरी वही बिल दाखवून 30 जूनपर्यंत बदलून मिळेल." बस. ही दुसरी ओळ पहिलीपेक्षा जास्त माल विकते, कारण खरी यादी कित्येकदा शाळा उघडल्यावर वर्गशिक्षकच देतात, कुणी 100 पानी म्हणतं कुणी 200, पहिली-दुसरीला दुरेघी का चौरेघी यावरून तर दरवर्षी गोंधळ, आणि ज्याच्याकडं पैसे मोजून आहेत तो बाप चुकीची वही अंगावर पडंल या भीतीनं थांबून राहतो. मात्र नाव घातलेली, कव्हर चढवलेली वही परत घेणार नाही हे तोंडानं सांगा, बिलावर शिक्कापण मारा. आणि होलसेलवाल्याशी मे महिन्यातच बोलून घ्या की उरलेले गठ्ठे तो परत घेणार का, तो नाही म्हणला तर बदलून द्यायचं वचन फक्त एकरेघी 100 आन 200 पानीपुरतं ठेवा, ती वही वर्षभर खपते.

लेकरांसाठीचा बोर्ड दुकानात लावा, "तुझा पाऊच कोणत्या रंगाचा?" एवढंच लिहा. "आजच बाबांना घ्यायला सांग" असलं काही लिहू नका. फसव्या जाहिरातींबद्दल केंद्राची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात लेकरांना थेट खरेदीसाठी किंवा आईबापाला गळ घालण्यासाठी उकसवणं चालत नाही. आणि नियम नसता तरी मी नकोच म्हणलो असतो, पेरणीच्या तोंडावर लेकराच्या हट्टानं पैसे दिलेला बाप दिवाळीला आपल्या दुकानात फिरकत नाही.

चाललंय का नाही ते कसं कळणार? टोकन दोन रंगात छापा. मेसेज दाखवून आलेल्याला हिरवं, नुसतं दुकान बघून आलेल्याला पिवळं, आणि रोज रात्री गल्ल्याबरोबर मोजा. हिरवी कमी दिसली तर आधी मेसेजची वेळ बदला, आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी टाका, कारण खेड्यातला माणूस बाजाराच्या दिवशीच येतो. टोकनं वाटली पण ट्रेमधून एकच वस्तू संपत असंल तर बाकीच्या तीन काढून तीच भरा. आणि संच जाताहेत पण पाऊच तसेच पडून आहेत, असं दिसलं तर समजा जुनाच पाऊच यंदा चालवायचं घरी ठरलंय, मग पाऊच वगळून 660 चा संच लगेच बोर्डावर लिहा, 20 तारखेची वाट बघत बसू नका.