गटाराचा उतार कोणी ठरवला?

अध्यक्ष महाराज आणि श्रोतेहो, आजचा विषय मोहेंजोदडोच्या सांडपाण्याचा असल्यामुळे चहापानानंतर बोलायची वेळ मिळाली, याबद्दल संयोजकांचे आभार मानतो.

आरंभ एका चुकीपासून करतो, कारण ती आपल्या घरातली आहे. १९११-१२ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे प्रमुख देवदत्त रामकृष्ण भांडारकर सिंधमध्ये फिरत असताना मोहेंजोदडोच्या टेकाडांवर गेले. डॉ. रा. गो. भांडारकरांचे हे चिरंजीव. शिलालेख आणि नाणी यांत त्यांचा अधिकार वादातीत होता. त्यांनी टेकाडे पाहिली, विटा पाहिल्या आणि अहवालात लिहिले की, हे एखाद्या दोनशे वर्षांपूर्वीच्या गावाचे अवशेष असावेत, कारण विटा आधुनिक घडणीच्या दिसतात. पुढे १९२२ साली राखालदास बॅनर्जींनी तिथल्या स्तूपाजवळ उत्खनन सुरू केले आणि १९२४ साली जॉन मार्शल यांनी सिंधू संस्कृतीची घोषणा जगापुढे केली. तेव्हा भांडारकरांचा अंदाज चार हजार वर्षांहून अधिक चुकला होता असे दिसले. पुण्याच्या माणसाने इतक्या ठामपणे चुकावे, याचे आपल्याला नवल वाटायला नको.

मात्र मला ही नुसती फजिती वाटत नाही. त्यांची नजर बरोबर होती, निष्कर्ष चुकला. विटा एकसारख्या, पक्क्या भाजलेल्या, जाडी, रुंदी आणि लांबी एकास दोनास चार या प्रमाणातल्या, म्हणजे साधारण ७, १४ आणि २८ सेंटिमीटर. अशी वीट आजच्या भट्टीतून आल्यासारखी वाटते. एका घरात तशी वीट असली तर ती गवंड्याची आवड म्हणता येईल; घरोघरी, गटारात आणि विहिरीत तेच प्रमाण दिसते तेव्हा मोजमाप सगळ्यांनी मान्य केलेले होते, असेच म्हणावे लागते.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि मी अजून गटारापर्यंत पोहोचलेलो नाही.

तेव्हा थेट घरात शिरू. न्हाणीची फरशी घासून नीट बसवलेल्या विटांची, एका कोपऱ्याकडे उतरती. तिथून पाणी भिंतीतल्या मोरीवाटे बाहेर पडते आणि गल्लीतल्या विटांच्या गटाराला मिळते. वरच्या मजल्यावरचे पाणी काही घरांत भाजलेल्या मातीच्या नळातून खाली आणलेले असे. गटार रस्त्याच्या पातळीखाली, वर विटांचे किंवा दगडी फरश्यांचे झाकण, आणि ते चुन्याने पक्के न करता सुटे ठेवलेले, म्हणजे उचलता येईल असे. ही सुटी झाकणे लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचे आहे.

मिखाएल यान्सेन यांच्या अभ्यासात या गटारांचा उतार मीटरला सुमारे २ सेंटिमीटर येतो. पंचवीस मीटरच्या गल्लीत म्हणजे अर्धा मीटर उतार झाला. वरच्या घरवाल्याने गटार वीतभर खोल घेतले, तर खालच्या घरांचा हिशेब बिघडतो आणि पाणी तुंबते. घराची मोरी कुठे ठेवायची, हे त्यामुळे घरमालक एकटा ठरवू शकत नव्हता. शिवाय शहर एका पातळीवर थांबले नाही. पुन्हापुन्हा बांधकाम होत घरांच्या फरश्या आणि रस्ते वर चढत गेले, आणि गटारांच्या भिंतींवरही विटांचे थर चढवलेले आढळतात. शेजारी एकमेकांशी बोलत नसतील, तर हे पिढ्यान्पिढ्या जमणे शक्य नाही.

आता ती सुटी झाकणे. अर्नेस्ट मॅके यांना उत्खननात गटारांच्या कडेला हिरवट करड्या वाळूचे लहान ढीग आढळले. झाकण उचलून गाळ काढायचा आणि कडेला टाकून ठेवायचा, हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे; ढीग कधी उचलणार, हा प्रश्नही तेवढाच जुना दिसतो. जिथे गटारे मिळतात किंवा पाण्याला लांब जायचे असते, तिथे गाळ साठवणारे विटांचे खड्डे आहेत. तेही वेळच्या वेळी उपसले नाहीत, तर निरुपयोगी होतात.

माझी तक्रार इथेच आहे. सरळ रस्ते पाहून लोक लगेच म्हणतात की, एका बलाढ्य राजाने नकाशा आखला. रस्ते बुद्धिबळाच्या पटाइतके सरळ नाहीत, आणि निःसंशय राजवाडा म्हणावा अशी इमारत तिथे मिळालेली नाही. आखणी एकदाच करता येते. गाळ मात्र सतत काढावा लागतो, आणि ते काम कोणाकडे तरी सोपवलेले असावे लागते. ते राजाच्या माणसांकडे होते की गल्लीच्या पंचांकडे, हे गटार सांगत नाही. व्यवस्था होती एवढे मात्र ते सांगते, आणि ती कधी ढिली पडली तेही. सर्वांत वरच्या थरांत घरांच्या भिंती रस्त्यावर सरकलेल्या आहेत, बांधकाम हलक्या प्रतीचे आहे, आणि ज्या रस्त्यावर पूर्वी कोणी खांब रोवू दिला नसता, तिथे कुंभाराच्या भट्ट्या लागलेल्या आहेत.