डेडलॉकमध्ये बळी कुणाचा, आणि कधी?

बँकेच्या डेटाबेसमधली दोन खाती घेऊ, क्रमांक १७ आणि ४२. पहिला व्यवहार १७ मधून ५०० रुपये काढून ४२ मध्ये टाकतो. दुसरा नेमका उलटा आहे, तो ४२ मधले २०० रुपये १७ मध्ये नेतो. दोघंही आधी पैसे काढतात, मग जमा करतात. पहिल्याने १७ ची ओळ लॉक केली, दुसऱ्याने ४२ ची. आता पहिल्याला ४२ हवी आहे आणि दुसऱ्याला १७. हातातलं लॉक कमिट होईपर्यंत, म्हणजे व्यवहार पक्का होईपर्यंत, कुणीच सोडणार नाही. बाहेरून कुणी हात घातला नाही, तर दोघं असेच बसून राहतील. हाच डेडलॉक, आणि तो सोडवायला एकाला रद्द करावं लागतं, तोच बळी.

ही स्थिती कागदावर मांडायची तर प्रत्येक व्यवहारासाठी एक ठिपका काढा. जो थांबलाय त्याच्याकडून, ज्याच्यासाठी थांबलाय त्याच्याकडे बाण काढा. हाच वेट-फॉर ग्राफ. बाणांवरून चालत चालत पुन्हा निघालो तिथेच आलो, तर डेडलॉक आहे. नुसती लांबलचक रांग म्हणजे डेडलॉक नव्हे. पन्नास व्यवहार एकामागे एक खोळंबले असले, तरी सगळ्यांत पुढचा मोकळा असेल तर रांग सरकते.

पोस्टग्रेस हा डेटाबेस. ते हे चक्र कसं शोधतं ते पाहू. लॉक मिळालं नाही की ते लगेच ग्राफ तपासत नाही, कारण बहुतेक वेळा समोरचा काही मिलिसेकंदांत लॉक सोडतोच. म्हणून व्यवहार आधी `deadlock_timeout` इतका वेळ झोपतो, मूळ सेटिंगमध्ये एक सेकंद. तेवढ्यात लॉक मिळालं नाही तर तो उठून ग्राफ तपासतो. ज्याला चक्र सापडतं, तो स्वतःलाच रद्द करतो. लॉगमध्ये असं दिसतं:

```
ERROR:  deadlock detected
DETAIL:  Process 4121 waits for ShareLock on transaction 733; blocked by process 4137.
Process 4137 waits for ShareLock on transaction 732; blocked by process 4121.
```

ओळीचं लॉक असताना इथे `transaction 733` कसं, असा प्रश्न नवख्यांना हमखास पडतो. ओळ कुणी धरली आहे याची खूण पोस्टग्रेस त्या ओळीतच ठेवतं. वाट बघायची ती धरणाऱ्याचा व्यवहार संपण्याची. म्हणजे `DETAIL` मधली प्रत्येक ओळ हा ग्राफमधला एकेक बाणच आहे.

आता बळी कुणाचा जातो ते बघा. समजा पहिला व्यवहार ०.२ व्या सेकंदाला अडकला आणि दुसरा ०.७ व्या. पहिल्याचं घड्याळ १.२ ला वाजतं, तोवर चक्र पूर्ण झालेलं असतं, म्हणून पहिला मरतो. पण दुसरा ०.७ ऐवजी १.५ ला अडकला असता तर? पहिल्याने १.२ ला तपासलं तेव्हा चक्र नव्हतंच. तो पुन्हा झोपला, आणि त्या एका प्रतीक्षेत तो दुसऱ्यांदा तपासत नाही. मग दुसऱ्याचं घड्याळ २.५ ला वाजलं आणि दुसरा मेला. म्हणजे बळीची निवड कुणी किती काम केलं यावर होत नाही, ती वेळेच्या योगायोगावर होते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी इंजिन इथे वेगळं वागतं. ते एक सेकंद थांबून राहत नाही, आणि साधारणपणे ज्याने कमी ओळी बदलल्या त्याचा बळी देतं. परत फिरवायचं काम त्यात कमी लागतं.

एकाच ओळीवर शेकडो व्यवहार तुटून पडत असतील, तर ही तपासणीच जड होते. म्हणून काही जण `innodb_deadlock_detect` बंद करून नुसत्या `innodb_lock_wait_timeout` वर, म्हणजे लॉकसाठी थांबायच्या मुदतीवर, विसंबतात. त्यात एक खड्डा आहे. ही मुदत मुळात ५० सेकंदांची असते, आणि ती संपली की मूळ सेटिंगमध्ये फक्त तेवढं एक विधान मागे फिरतं, अख्खा व्यवहार नाही. आधी घेतलेली लॉक तशीच हातात राहतात. तुमच्या कोडने स्वतः `ROLLBACK` दिला नाही, तर समोरचा अडकलेलाच राहतो.

हे झालं आधी अडकू देणं आणि मग सोडवणं. दुसरी वाट म्हणजे चक्र होऊच न देणं. रोझेनक्रांट्झ, स्टर्न्स आणि लुईस यांनी १९७८ साली त्यासाठी दोन योजना मांडल्या, वेट-डाय आणि वूंड-वेट. प्रत्येक व्यवहाराला सुरू होताना टाइमस्टॅम्प मिळतो. आधी सुरू झाला तो थोरला, नंतरचा धाकटा.

वेट-डायमध्ये थोरल्याला धाकट्याचं लॉक हवं असेल तर थोरला थांबतो. धाकट्याला थोरल्याचं हवं असेल तर धाकटा तिथल्या तिथे मरतो. आपल्या उदाहरणात पहिला व्यवहार थोरला धरू. तो ४२ साठी थांबतो. दुसरा १७ मागतो आणि लगेच रद्द होतो, ४२ मोकळी होते. सगळे बाण थोरल्याकडून धाकट्याकडेच जातात. चक्र पुरं व्हायला एक तरी बाण उलटा लागतो, आणि तोच इथे काढू देत नाहीत.

वूंड-वेटमध्ये बाण उलटे असतात, धाकट्याकडून थोरल्याकडे. धाकट्याने मागितलं तर तो मुकाट थांबतो. थोरल्याने मागितलं तर लॉक धरून बसलेला धाकटा जखमी होतो. पहिल्याने ४२ मागितली त्याच क्षणी दुसरा बाद. दुसऱ्याने अजून १७ मागितलेलीही नसते, कदाचित तो कधी मागणारही नसतो. असे निष्कारण बळी दोन्ही योजनांत जातात, कारण त्या चक्र बघतच नाहीत, फक्त दोघांची वयं बघतात. ‘जखमी’ हा शब्द मात्र नेमका आहे. धाकट्याचं कमिट आधीच सुरू झालं असेल, तर त्याला मारत नाहीत, संपवू देतात.

रद्द झालेला व्यवहार पुन्हा सुरू करताना त्याला जुनाच टाइमस्टॅम्प द्यायचा. इथे चूक झाली तर ती लवकर लक्षात येत नाही. नवा टाइमस्टॅम्प दिला तर तो दर खेपेला सगळ्यांत धाकटा ठरतो आणि मरतच राहतो. जुना ठेवला तर कधी ना कधी तोच सगळ्यांत थोरला होतो. त्यातही वेट-डायमध्ये परत आलेला धाकटा तेच लॉक मागतो, थोरल्याने ते अजून सोडलेलं नसतं, आणि तो पुन्हा मरतो. म्हणून पुन्हा सुरू करण्याआधी थोडं थांबवावं लागतं. वूंड-वेटमध्ये परत आलेला धाकटा गुपचूप रांगेत उभा राहतो. मला त्यामुळे वूंड-वेटच जास्त पटते.

एकाच यंत्रावर अख्खा ग्राफ मेमरीत असतो, तिथे शोध घेणं परवडतं. डेटा अनेक यंत्रांवर पसरला की बाणही पसरतात. एका यंत्रावरून बाण गोळा केले, आणि दुसऱ्यावरचे आणेपर्यंत पहिल्यावरचं एक लॉक सुटलं, तर कागदावर चक्र दिसतं आणि प्रत्यक्षात ते नसतं. अशा आभासी डेडलॉकपायी चांगला व्यवहार मारला जातो. गूगलच्या स्पॅनरने वूंड-वेट घेतलं आहे. तिथे निर्णय लॉक जिथे आहे तिथेच होतो, आणि त्याला दोन टाइमस्टॅम्प पुरतात.

ते टाइमस्टॅम्प मात्र कधीही सारखे असता कामा नयेत, म्हणून वेळेच्या शेवटी यंत्राचा क्रमांक जोडायची पद्धत आहे. यंत्रांची घड्याळं थोडी मागेपुढे असली, तरी त्यामुळे डेडलॉक होत नाही. फक्त ज्याचं घड्याळ मागे, त्याचे व्यवहार नेहमी थोरले ठरतात आणि इतरांना जखमी करत सुटतात. रद्द होणारे व्यवहार बहुतेक ठरावीक यंत्रांचेच दिसू लागले, तर आधी घड्याळं तपासा.