कार्ड दोन वर्षांचं, पण हात?

तुमच्यापैकी बरेच जण पोहायला शिकवता, म्हणून आधी शिक्षकांबद्दल बोलतो. मी इंग्लंडमध्ये काही वर्षं तलावावर काम केलं. तिथे पोहण्याच्या शिक्षकाचं मूळ प्रमाणपत्र एकदा मिळालं की राहतं. पण बुडणाऱ्याला वाचवण्याचं वेगळं प्रमाणपत्र असतं, ते दर दोन वर्षांनी नव्यानं मिळवावं लागतं. तलावावरच्या जीवरक्षकाचं ‘एनपीएलक्यू’सुद्धा दोनच वर्षं चालतं. शिकवता येणं आणि वाचवता येणं ही दोन कामं आहेत, हे तिथे कागदावरच वेगळं केलेलं आहे.

एनपीएलक्यूला बसायचं तर ५० मीटर ६० सेकंदांत पोहावं लागतं. खोल पाण्यात ३० सेकंद उभं तरंगायचं, तळापर्यंत बुडी मारायची आणि शिडी न वापरता काठावर चढायचं. जो रोज पोहतो त्याला यात काही अवघड नाही. माझी फेरपरीक्षा झाली तेव्हा मीही वेळेच्या आत पोहलो. अडलो ते काठावर, सीपीआरच्या मॅनिकिनपाशी.

बुडालेल्या माणसाचं हृदय बहुतेक वेळा प्राणवायू न मिळाल्यानं थांबतं. म्हणून तिकडच्या पद्धतीत आधी पाच श्वास द्यायचे, मग ३० वेळा छाती दाबायची आणि दोन श्वास द्यायचे. मी श्वास दिले, पण मॅनिकिनची छाती हललीच नाही. डोकं पुरेसं मागे झुकवलं नव्हतं. परीक्षकांनी मला एवढंच विचारलं, “छातीकडे बघितलंस का?” मी बघितलंच नव्हतं. छाती वर आली तर हवा आत गेली, नाही आली तर डोकं पुन्हा नीट करायचं. दुसरी खूण नाही. पुढे दाबतानाही दीड मिनिटात माझे हात थकले आणि पाच-सहा सेंटिमीटरची खोली राहिली नाही. मला मात्र जोर तेवढाच लावतोय असं वाटत होतं.

हे का झालं, ते माझ्या सरावाच्या नोंदवहीतच दिसत होतं. दोन वर्षांत २० तास सराव दाखवावा लागतो, म्हणजे महिन्याला तासभरही नाही. माझे २० भरले होते, पण त्यातले १४ शेवटच्या सहा आठवड्यांतले, आणि तेही बहुतेक पाण्यातले. पोहणं अंगात मुरतं. श्वास देणं आणि छाती दाबणं काही महिन्यांतच ढिलं पडतं, आणि नेमकं तेच आपण रोजच्या कामात कधी करत नाही.

त्यानंतर मी महिन्यातून एकदा, शेवटची बॅच संपली की मॅनिकिन काढायला लागलो. घड्याळ लावून सलग दोन मिनिटं. शेजारी एक सहकारी फक्त छातीकडे बघत बसायचा आणि चुकलेला प्रत्येक श्वास वहीत लिहायचा.